धागा: परीक्षणातील लिंकवरून मिळणारे कमिशन नेमके कसे ठरते, आणि ते वाचकाला कुठे व कसे सांगावे?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

मी हेडफोन आणि स्पीकर यांची परीक्षणे लिहितो. आतापर्यंत लेखांत खरेदीच्या लिंक दिल्या नव्हत्या. आता एका मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या अफिलिएट कार्यक्रमात नाव नोंदवले आहे आणि पहिल्या महिन्याचा अहवालही आला आहे. मात्र तो वाचून उलगडा होण्याऐवजी गोंधळच वाढला.

अहवालात ४०० क्लिक दिसतात आणि १२ मागण्या. त्यांपैकी ७ मागण्या मी परीक्षण केलेल्या हेडफोनच्या आहेत. उरलेल्या ५ मागण्या ज्यांचा मी कधी उल्लेखही केलेला नाही अशा वस्तूंच्या आहेत. एकूण कमिशन २,१३० असे दाखवले आहे, परंतु त्यापुढे ‘प्रलंबित’ असा शेरा आहे. लेखात ज्यांचे नावही नाही त्या वस्तूंवर मला पैसे का मिळावेत, आणि दाखवलेली रक्कम हातात पडणार की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या लिंकवरून मला पैसे मिळतात हे वाचकाला प्रामाणिकपणे सांगायचे आहे. सध्या संकेतस्थळाच्या ‘आमच्याविषयी’ या पानावर तसा एक परिच्छेद लिहून ठेवला आहे. तेवढे पुरेसे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सरळमार्गी

मला वाटते, आपण या प्रश्नाचा उगाच बाऊ करत आहात. तुमच्या लिंकवरून गेलेल्या ग्राहकाला वस्तू त्याच किमतीला मिळते, जी थेट दुकानात गेलेल्या ग्राहकाला मिळते. कमिशन दुकान आपल्या नफ्यातून देते. वाचकाच्या खिशाला चाट बसत नसेल, तर त्याची फसवणूक होण्याचा प्रश्न येतोच कुठे? शिवाय मी माझ्या प्रत्येक लिंकला पुढीलप्रमाणे खूण करतो, त्यामुळे खुलाशाची तांत्रिक बाजूही पूर्ण होते.

```html
<a href="https://example.com/item?tag=majhablog-21"
   rel="sponsored">विकत घ्या</a>
```

---

मधुरा_लेखणी

माझ्या ओळखीतल्या काहींनी अशा योजनेत पैसे गुंतवले होते. आधी स्वतः माल घ्यायचा, मग आणखी माणसे जोडायची आणि त्यांनी घेतलेल्या मालावर आपल्याला टक्केवारी. शेवटी माल घरात पडून राहिला आणि नातेसंबंध तुटले ते वेगळेच. तुम्ही सुशिक्षित दिसता. तरीही या फंदात पडू नये, असे मनापासून सुचवते.

---

तळटीप

मधुराताई, तुम्ही म्हणता ती साखळी योजना. तिथे प्रवेशासाठी पैसे भरावे लागतात आणि कमाई माणसे जोडण्यावर अवलंबून असते. धागाकर्त्यांच्या प्रकारात लेखकाने काहीही भरायचे नसते, कोणाला जोडायचे नसते, आणि प्रत्यक्ष विक्री झाली तरच पैसे मिळतात. तुमची काळजी रास्त आहे, पण ती वेगळ्या व्यवहाराची आहे.

आता मूळ प्रश्न. मी काही वर्षे दुकानदारांच्या बाजूने, म्हणजे लेखकांना कमिशन चुकते करणाऱ्या कचेरीत काम केले आहे. त्यामुळे अहवाल त्या बाजूने कसा तयार होतो, ते सांगतो.

वर सरळमार्गींनी दिलेल्या लिंकमधील `tag=majhablog-21` हा भाग पाहावा. वाचक त्या लिंकवर क्लिक करतो तेव्हा दुकानाला कळते की हा ग्राहक अमुक लेखकाकडून आला, आणि त्याच्या ब्राउझरमध्ये तशी कुकी ठेवली जाते. त्या कुकीत वस्तूचे नाव महत्त्वाचे नसते. ग्राहक कोणाकडून आला एवढेच महत्त्वाचे असते. मुदत संपेपर्यंत तो ग्राहक त्या दुकानात जे काही घेईल, त्यावर बहुतेक मोठी दुकाने तुम्हाला कमिशन देतात. तुमच्या अहवालातील त्या पाच अनोळखी वस्तू अशा रीतीने आल्या. ॲमेझॉनचा कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्याची मुदत अवघी २४ तासांची आहे. मात्र त्या २४ तासांत वस्तू टोपलीत टाकली असेल, तर खरेदी पुढे जवळपास ९० दिवसांपर्यंत झाली तरी ती तुमच्या खात्यावर धरली जाते. इतर अनेक कार्यक्रमांत ३० दिवसांची मुदत आढळते.

दर वस्तूच्या वर्गानुसार बदलतो आणि तो कर व पाठवणीचा खर्च वगळून उरलेल्या रकमेवर लागतो. तुमचे आकडे मांडून पाहू. समजा हेडफोनची करपूर्व किंमत ६,००० आहे आणि त्या वर्गाचा दर ४ टक्के आहे. सात नगांचे ४२,००० झाले आणि त्यावर १,६८०. उरलेल्या पाच वस्तू मिळून ९,००० च्या असतील आणि त्यांचा सरासरी दर ५ टक्के असेल, तर ४५०. बेरीज २,१३०, म्हणजे तुमच्या अहवालाशी जुळते.

‘प्रलंबित’ याचा अर्थ असा की वस्तू परत करण्याची मुदत अजून संपलेली नाही. सातांपैकी दोन हेडफोन परत आले, तर १२,००० वरचे ४ टक्के, म्हणजे ४८० वजा होतील आणि हाती १,६५० राहतील. कानाला बसण्याच्या वस्तू परत येण्याचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे प्रलंबित आकडा पाहून खर्चाचे बेत आखू नयेत. प्रत्यक्ष रक्कम साधारण दोन-तीन महिन्यांनी जमा होते.

खुलाशाविषयी सविस्तर लिहायचे आहे. आज रात्री किंवा उद्या लिहितो.

---

खटपट्या

तळटीप यांनी सगळे इतके सरळ सांगितले आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या परिचयाच्या दोघांनी माझा लेख वाचून, माझ्याच लिंकवरून, माझ्यासमोर खरेदी केली. तरीही अहवालात ती खरेदी आली नाही. कार्यक्रमाच्या मदत विभागाकडे दोनदा लिहिले, दोन्ही वेळा छापील उत्तर आले. मग या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

---

तळटीप

खटपट्या, तुमच्या परिचितांनी पैसे भरण्यापूर्वी सवलतीचा कोड शोधला होता का, किंवा ब्राउझरमध्ये कोड आपोआप शोधणारे एखादे विस्तारक बसवलेले होते का, हे विचारून पाहावे. बहुतेक कार्यक्रमांत श्रेय शेवटच्या क्लिकला मिळते. वाचकाने तुमचा दोन हजार शब्दांचा लेख वाचून मन बनवले, तुमच्या लिंकवरून दुकानात गेला, आणि पैसे भरण्याच्या पानावर विस्तारकाने ‘कोड तपासा’ अशी खिडकी दाखवली. त्याने ती दाबली की विस्तारकाची स्वतःची लिंक मागच्या मागे उघडते आणि तुमची खूण पुसली जाते. मग कोड सापडो वा न सापडो. माझ्या मते या धंद्यातील हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो नियमांच्या चौकटीत राहूनही होऊ शकतो.

दुसरे कारण ब्राउझरचे असू शकते. सफारीने २०२० पासून त्रयस्थ संकेतस्थळांच्या कुकी मुळातच अडवल्या आहेत. जे कार्यक्रम अजून जुन्याच पद्धतीवर अवलंबून आहेत, त्यांच्याकडे अशा खरेदीची नोंद होत नाही. आणि तिसरे म्हणजे, नातेवाईक व मित्र यांनी तुमच्या लिंकवरून केलेली खरेदी काही कार्यक्रम नियमानेच बाद करतात. लेखकाने स्वतः केलेली खरेदी तर बहुतेक सगळेच बाद करतात. ‘माझ्यासमोर खरेदी केली’ याचा अर्थ तुमच्याच वायफायवरून केली असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

---

खटपट्या

वायफाय माझेच होते. विस्तारकाचे विचारतो. पण नियमांत हे कुठे ठळक लिहिलेले मला तरी दिसले नव्हते.

---

तळटीप

आता खुलासा.

सरळमार्गी, `rel="sponsored"` ही खूण गुगलने २०१९ मध्ये आणली. ती शोधयंत्रासाठी आहे: या लिंकमागे पैशांचा व्यवहार आहे, तेव्हा तिला शिफारस म्हणून मोजू नका, असे ती यंत्राला सांगते. ती जरूर लावावी. पण वाचकाला पडद्यावर त्यातले काहीही दिसत नाही. शोधयंत्राला सांगितले आणि माणसाला सांगितले नाही, अशी ती अवस्था आहे.

किमतीविषयीचे तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्याच दुकानात किंमत सहसा बदलत नाही. परंतु वाचक तुमच्याकडे किंमत विचारायला आलेला नसतो. कोणती वस्तू घ्यावी, हे विचारायला आलेला असतो. त्या उत्तरावर पैशाचा परिणाम झाला असेल का, हे ताडून पाहण्याचा त्याला हक्क आहे. शिवाय तीच वस्तू, जिथे तुमची लिंक नाही अशा दुसऱ्या दुकानात स्वस्त असू शकते. म्हणून ‘तुम्हाला कोणताही जादा भुर्दंड पडत नाही’ हे सगळीकडे चिकटवलेले वाक्य मी तरी वापरत नाही. त्याची हमी लेखक देऊ शकत नाही.

धागाकर्त्यांचा ‘आमच्याविषयी’ पानावरचा परिच्छेद पुरेसा नाही. शोधयंत्रातून आलेला वाचक थेट परीक्षणावर उतरतो, बटण दाबतो आणि निघून जातो. ते पान तो कधीच उघडत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीतील शिफारशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये ब्लॉगलेखकांनाही लागू होतील अशी मांडली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली. त्यांचा रोख असा आहे की खुलासा नजरेतून सुटणे कठीण असावे आणि तो शिफारशीच्या शक्य तितका जवळ असावा. नुसते ‘अफिलिएट लिंक’ असे लिहिल्याने सामान्य वाचकाला लेखकास पैसे मिळतात हे कळेलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले आहे. तुम्हाला तो कायदा लागू असो वा नसो, कसोटी म्हणून ही चांगली आहे.

मी माझ्या लेखांच्या सुरुवातीला, पहिल्या लिंकच्या आधी, साधारण असे लिहितो:

> या लेखातील ‘विकत घ्या’ या बटणावरून तुम्ही दुकानात गेलात आणि काही खरेदी केलीत, तर दुकान मला कमिशन देते. तुम्ही वेगळीच वस्तू घेतलीत तरीही देते. हे हेडफोन मी स्वतः विकत घेतले आहेत.

तिन्ही गोष्टी मुद्दाम आहेत. पैसे कोण देते, कशावर देते, आणि वस्तू माझ्याकडे कशी आली. कंपनीने वस्तू फुकट पाठवली असेल, तर शेवटचे वाक्य बदलते, आणि ती परत करायची आहे की ठेवायची आहे हेही लिहितो.

---

शब्दवेल्हाळ

फार उपयुक्त माहिती मिळाली. मी काल रात्रीच हा मजकूर बाजूच्या स्तंभात टाकला, म्हणजे तो प्रत्येक लेखाशेजारी आपोआप दिसेल. ॲमेझॉनसारखे कार्यक्रम स्वतःचे ठरावीक इंग्रजी वाक्य देतात, तेही त्याखाली जोडले आहे.

---

वाचकच

मी लिहीत नाही, फक्त वाचतो, आणि सगळे लेख फोनवर वाचतो. तुमचे परीक्षण आत्ताच उघडून पाहिले. फोनवर बाजूचा स्तंभ बाजूला राहत नाही. तो लेख, प्रतिसाद आणि ‘हेही वाचा’ यांच्याही खाली जातो. मी सगळ्यांत आधी पाहिली ती तुलनेची तक्ती, तिच्यात तीन बटणे. खुलासा पाहायला मला अंगठा बराच वेळ चालवावा लागला. आणि मराठी परीक्षणाखाली इंग्रजी वाक्य ठेवून माझ्या आईला काय कळणार?

---

तळटीप

वाचकच यांनी नेमके बोट ठेवले. संगणकावर पान तयार करणारा लेखक ते संगणकावरच तपासतो, आणि वाचणारे मात्र फोनवर असतात. मजकूर साच्यात न ठेवता लेखाच्या अंगातच, पहिल्या परिच्छेदानंतर आणि तक्तीच्या आधी ठेवावा. याचा आणखी एक फायदा आहे. आरएसएसवरून किंवा ईमेलने लेख वाचणाऱ्यांपर्यंत बाजूचा स्तंभ पोहोचतच नाही. लेखाच्या अंगातील वाक्य मात्र पोहोचते. (ईमेलमध्ये लिंक पाठवण्याला काही कार्यक्रमांची बंदी असते, करार वाचल्याशिवाय तसे करू नये.)

लेख लांब असेल, तर वरचा खुलासा खालपर्यंत लक्षात राहत नाही. मी बटणावरच ‘विकत घ्या (मला कमिशन मिळते)’ असे लिहितो. थोडे बेढब दिसते, पण चालते. तपासायची रीत सोपी आहे: लेख माहीत नसलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्यावा, वस्तू निवडायला सांगावे, आणि त्याने बटण दाबल्यावर विचारावे की यातून लेखकाला काही मिळते असे वाटते का. त्याला सांगता आले नाही, तर खुलासा पानावर असूनही नसल्यासारखा आहे.

भाषेविषयी: परीक्षण ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत हवा. कार्यक्रमाने सांगितलेले इंग्रजी वाक्य कराराची अट म्हणून ठेवावेच, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

---

सरळमार्गी

बटणावरच असे लिहिले तर क्लिक कमी होणार नाहीत का? आणि `rel` बद्दल मान्य आहे, मी दोन गोष्टींची गल्लत करत होतो. तरीही एक शंका राहतेच. इतका खुलासा करूनही लेखक पक्षपात करूच शकतो. मग खुलाशाने साधले काय?

---

तळटीप

क्लिक कमी होतात की नाही, याचे एकच उत्तर देता येणार नाही. माझ्या लेखांत मला फरक जाणवला नाही, पण माझे वाचक बरेचसे जुने आहेत.

पक्षपाताची शंका मात्र अगदी योग्य आहे, आणि ती धागाकर्त्यांच्याच उदाहरणावरून पाहू. समजा तुम्ही दोन हेडफोनची तुलना करत आहात, दोन्ही ६,००० चे. पहिला त्या मोठ्या दुकानात आहे, ४ टक्के दराने एका विक्रीमागे २४०. दुसऱ्याची कंपनी स्वतःचा कार्यक्रम चालवते आणि १० टक्के देते, म्हणजे ६००. दोन्ही बटणांखाली ‘मला कमिशन मिळते’ असे लिहिले आहे आणि ते शब्दशः खरे आहे. वाचक समजतो की दोन्हीकडून सारखेच काहीतरी मिळत असणार. लेखकाला मात्र माहीत असते की दुसरा हेडफोन वर ठेवला, तर हाती अडीचपट रक्कम पडेल. हा मोह आणखी वाढवण्याची सोय कंपन्यांकडे असतेच. मी ज्या बाजूला काम केले, तिथून लेखकांना सर्रास पत्रे जात: यादीत पहिला क्रमांक द्या, तुमचा दर वाढवू, शिवाय एक ठोक रक्कम देऊ. अशी ठोक रक्कम घेतली, की तो मजकूर परीक्षण राहत नाही. ती जागा विकलेली असते, आणि ‘लिंकवरून कमिशन मिळते’ एवढे म्हणणे ही तिथे अर्धवट माहिती ठरते. ‘या जागेसाठी कंपनीने पैसे दिले आहेत’ असेच लिहायला हवे.

---

वाचकच

मग दर का लिहीत नाही? २४० आणि ६०० असे स्पष्ट लिहिले, तर माझे मी ठरवीन.

---

तळटीप

काही करारांत दर गोपनीय असतो, विशेषतः खासगीत वाढवून दिलेला. तो जाहीर केला तर खाते बंद होऊ शकते. शिवाय दर बदलतात. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अनेक वर्गांचे दर एका फटक्यात खाली आणले, तेव्हा जुन्या लेखांत आकडे लिहून ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली असती. ‘दुसऱ्या हेडफोनवर मला पहिल्यापेक्षा जास्त कमिशन मिळते’ असे आकड्याविना लिहिता येते, आणि मला ते पुरेसे वाटते.

---

मधुरा_लेखणी

मला नाही पुरेसे वाटत. ‘जास्त’ म्हणजे दहा जास्त की साडेतीनशे जास्त? साखळीवाल्यांकडेही असेच मोघम बोलणे असायचे. आणि जिथे आकडा सांगायला बंदी आहे, असा करार लेखकाने मुळात करावाच का?

---

तळटीप

मधुराताई, या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असे उत्तर नाही. मी असे करार केलेले आहेत. स्वतःपुरती एक शिस्त पाळतो: क्रमवारी ठरवून, लेख पूर्ण लिहून झाल्यावरच कोणाची लिंक उपलब्ध आहे ते पाहतो, आणि ज्या वस्तूची लिंक मिळत नाही ती यादीतून काढत नाही. पण मी ही शिस्त पाळतो की नाही, हे वाचकाला तपासता येत नाही, हेही खरे.

---

वाचकच

थोडेफार तपासता येते. एखाद्या संकेतस्थळावर ‘घेऊ नका’ असे सांगणारे एकही परीक्षण नसेल, आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूला बटण असेल, तर मी तिथून निघतो. लिंक नसलेली वस्तू पहिल्या क्रमांकावर दिसली, की तो लेखक मी लक्षात ठेवतो.

---

खटपट्या

विचारले. दोघांच्याही संगणकावर कोड शोधणारे विस्तारक होते आणि दोघांनीही ती खिडकी दाबली होती. एकाला कोड मिळालाही नव्हता. आता याची तक्रार कोणाकडे करायची, दुकानाकडे की कार्यक्रम चालवणाऱ्यांकडे?

---

तळटीप

कार्यक्रम चालवणाऱ्यांकडे. क्लिकची वेळ आणि मागणी क्रमांक दोन्ही द्यावेत. त्या मागण्या परत मिळण्याची शक्यता कमीच आहे. पण काही दुकाने कोड देणाऱ्या भागीदारांना लेखकाचे श्रेय खोडू देत नाहीत. तुमचे दुकान त्यांत आहे का, हे एका ओळीत विचारावे. त्याचे उत्तर सहसा छापील नसते.

---

शब्दवेल्हाळ

खुलासा लेखाच्या अंगात, तक्तीच्या वर हलवला आहे आणि बटणांवरचा मजकूर बदलला आहे. एक अडचण राहिली आहे. माझी जुनी परीक्षणे लिंकविना लिहिलेली आहेत आणि आता त्यांत लिंक घालायच्या आहेत. तेव्हा मत बनवताना कमिशनचा संबंधच नव्हता. मग तिथेही तोच मजकूर लावायचा, की ‘परीक्षण अमुक साली लिहिले, लिंक नंतर घातल्या’ असे वेगळे लिहायचे?

---

वाचकच

वेगळे लिहा. तारखांसह. आणि मत त्यानंतर बदलले, तर तेही.

---

सरळमार्गी

मी तोच मजकूर लावला असता. आज बटण दाबणाऱ्याच्या दृष्टीने लेख कधी लिहिला याने काय फरक पडतो? लेखक मात्र ‘माझे मत लिंकच्या आधीचे आहे’ असे सांगून स्वतःची बाजू भक्कम करून घेतो.